अस्तर आटवतात, मग केस का नाही?

मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाच्या आठवडाभर आधी मी केस कापायला गेले. कॉलेजपासून वेणीच घालत आले होते, त्यामुळे माझे केस किती लांब आहेत हे मला वेणीच्या शेपट्यावरूनच ठाऊक होतं. मोकळे, वाळलेले कुरळे केस घेऊन मी आरशासमोर पाच मिनिटंसुद्धा कधी उभी राहिले नव्हते. पार्लरमधल्या ताईंनी केस धुतले, कंगव्याने ताणून सरळ केले आणि विचारलं, "किती ठेवू?" पाठीवर ओले, काळेभोर, काठीसारखे सरळ केस लोंबत होते. मी म्हटलं, "खांद्याच्या खाली चार बोटं." त्यांनी मागे एक सरळ रेघ धरली आणि कात्री चालवली.

तासाभराने केस वाळले तेव्हा डोक्यावरचे केस हनुवटीशी येऊन थांबले होते आणि मानेवरचे मात्र खांद्याखाली शेपटीसारखे लोंबत होते. वर छत्री आणि खाली झालर. मी भांडले. "चार बोटं सांगितली होती ना?" ताईंनी जमिनीवर पडलेले केस दाखवले, कापलेली रेघ कुठे होती ते बोटाने दाखवलं, आणि त्या खरंच बोलत होत्या. ओल्यात रेघ चार बोटंच खाली होती. लग्नात मी अंबाडा आणि गजरा यांच्या आडोशाने वेळ मारून नेली.

घरी आले तेव्हा आई मशीनवर बसली होती. आई चिपळूणला गेली तीस वर्षं ब्लाऊज शिवते. माझ्याकडे बघून तिने आधी हसू दाबलं, मग म्हणाली, "अगं, अस्तर आटवल्याशिवाय मी कधी कात्री लावते का? कापड आटतं हे कळलं तर आधी आटवून घ्यायचं, मग बेतायचं."

मला आधी वाटलं ही नेहमीची शिवणकामाची उपमा आहे. पण कुरळ्या केसांच्या बाबतीत ती तंतोतंत लागू होते, फक्त उलट्या बाजूने. कापड पाण्यात घातल्यावर आटतं. कुरळे केस पाण्यातून बाहेर येऊन वाळताना आटतात. त्यामुळे माप घ्यायचं ते आटून झाल्यावर.

तर ते आटतात तरी का? मला आधी वाटायचं की पाण्याने केस ताणले जातात, रबरासारखे लांब होतात. तसं होतं, पण अगदी नगण्य. १७८३ साली सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर चालणारं हवेतला ओलावा मोजायचं यंत्र केलं होतं. केस ओलसर हवेत थोडा लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, आणि त्याला जोडलेला काटा फिरतो. पण पूर्ण कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत केसाची लांबी वाढते ती अवघी दोन-अडीच टक्के. पुढे मी स्वतःचे केस मोजले तेव्हा टाळूवरची बट ताणून ४८ सेंटिमीटर होती. त्याचे अडीच टक्के म्हणजे जेमतेम सव्वा सेंटिमीटर. माझ्या ओल्या आणि वाळलेल्या बटेत फरक होता पंधरा सेंटिमीटरचा. बाकीचे चौदा कुठून आले?

ते वळशात लपलेले असतात. हे मला आईच्या नाडीने समजलं. लाटण्याची मूठ साधारण दोन सेंटिमीटर जाड होती. तिच्याभोवती मी नाडी अशी गुंडाळली की एक वळसा पूर्ण होताना ती मुठीवरून पाच सेंटिमीटर पुढे सरकेल. मग त्या एका वळशातली नाडी सोडवून मोजली तर ती आठ सेंटिमीटर भरली. म्हणजे माझ्या डोक्यावर उभ्यात पाच सेंटिमीटर दिसणाऱ्या एका वळशात आठ सेंटिमीटर केस असतो. हाच वळसा ओला झाला की तो बारीक आणि लांबट होतो. उभ्यात सात सेंटिमीटर दिसायला लागतो, रुंदी दोनावरून सव्वा सेंटिमीटरवर येते. केस तेवढाच, आठ सेंटिमीटरच. फक्त आडवा पसरलेला होता तो उभा झाला.

आता तो उभा का होतो, याची दोन कारणं आहेत आणि ती वेगवेगळी पाहता येतात. पहिलं, पाणी आत शिरून केस मऊ करतं. केसातल्या केराटिनचे धागे एकमेकांना अनेक हलक्या बंधांनी धरून असतात, ते हायड्रोजनचे बंध पाणी सोडवतं आणि वाळताना ते पुन्हा जुळतात. केसाचं मूळचं वळण ज्या गंधकाच्या पक्क्या बंधांवर आणि मुळाच्या वाकड्या घडणीवर असतं, त्याला पाणी हात लावत नाही. दुसरं कारण म्हणजे चक्क वजन. केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी आत घेतात, आणि बटेतल्या केसांच्या फटीत जे पाणी अडकतं ते वेगळंच. मऊ झालेल्या वळशाला हे सगळं ओझं खाली ओढतं.

वजनाची बाजू पाहायची असेल तर कंगव्यात आलेला एखादा लांब केस पाण्याने भरलेल्या पांढऱ्या वाडग्यात सोडा. मी सोडला. मला वाटलं होतं तो सरळ होईल. तो तिथे वळणावळणाने तरंगत राहिला, कोरडा असतानाच्या वळणाच्या बराच जवळ. पाण्याने वळण काढून टाकलेलं नव्हतं, कारण पाण्यात त्याला ओढणारं कोणी नव्हतं. तोच केस चिमटीत धरून वर काढला की खाली थेंब लोंबला आणि केस ताठ झाला. न्हाणीघरात डोकं वर केल्यावर आपल्या केसांचं नेमकं हेच होतं. आणि पार्लरमध्ये वर आणखी कंगवा ओढतात.

वजनाची आणखी एक खोच मला नंतर उमगली. बटेचा मुळाकडचा भाग खालच्या सगळ्या केसांचं वजन पेलतो, टोकाकडच्या भागाला मात्र काहीच उचलायचं नसतं. म्हणून लांब कुरळ्या केसांत वरचे वळसे सैल आणि खालचे घट्ट दिसतात. टोकं कापली की वर उरलेल्या केसांचं ओझं कमी होतं आणि ते आणखी वर चढतात. म्हणजे कापल्यावर लांबी दोनदा घटते, एकदा कात्रीने आणि एकदा आपोआप. ही दुसरी घट फार मोठी नसते, पण अगदी हनुवटीशी किंवा कपाळावर बेतलेल्या कापात ती जाणवते.

माझी मूळ चूक यात नीट दिसली. मी ओल्या केसांवर बोट ठेवून रेघ सांगितली, आणि वाळल्यावर तिथेच येईल असं गृहीत धरलं. खरं तर "किती कापले" हा वादच चुकीचा होता. ओल्यात पाच सेंटिमीटर कापले तर वाळलेल्या केसांतून जेमतेम साडेतीन कमी होतात, कारण तेही आटलेलेच मोजले जातात. मग इतके तोकडे का झाले? कारण मी ओल्या लांबीची तुलना वाळलेल्या लांबीशी केली. माझे केस आधीही वाळल्यावर खूप वर येत होते. वेणीमुळे मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

आणि छत्री झाली तिचं कारण वेगळं. डोक्यावरचे सगळे केस सारखे आटत नाहीत. शिवाय टाळूवरून खांद्याखालच्या रेघेपर्यंत पोहोचायला केस बरेच लांब लागतात, मानेच्या केसांना तेवढे लागत नाहीत. माझी रेघ टाळूवरच्या ओल्या केसांना ३६ सेंटिमीटरवर पडली, मानेवरच्या केसांना १७ वर. वाळताना टाळूचे केस बारा सेंटिमीटर वर गेले, मानेचे जेमतेम साडेतीन. ओल्यात एका पातळीत असलेली टोकं वाळल्यावर दोन मजल्यांवर जाऊन बसली. ताईंनी रेघ वाकडी मारली नव्हती. सरळ मारली हीच अडचण होती.

सात महिने थांबले. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्या हिशेबाने डिसेंबरमध्ये कापण्याजोगं आठ सेंटिमीटर हातात आलं. या वेळी आईची कापडी टेप घेतली आणि चार बटा ठरवल्या: टाळूवर भांगाच्या शेवटी, डाव्या कानाच्या वर, मानेच्या केसांच्या रेघेवर मधोमध, आणि कपाळावर भांगाच्या बाजूची. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीएवढी जाड बट. त्याहून बारीक घेतली की एखादा हट्टी केस माप फसवतो.

पहिलं माप ओल्यात घेतलं. केस धुऊन, जुन्या सुती टीशर्टने टिपून, टपकणं थांबल्यावर, बट न ओढता. लगेच तीच बट टोकाला धरून सरळ केली आणि ताणलेली लांबी मोजली. सरळ होईपर्यंतच खेचायचं, पुढे नाही. ओला केस जोरात ओढला तर तो खरोखर लांबतो आणि माप खोटं येतं. मग नेहमी लावते तसं कंडिशनर आणि थोडं जेल लावून, केस मुठीने वर दाबून सोडून दिले. तिसरं माप दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं, आरशात बघत, केसाला बोट न लावता. टेप बटेच्या शेजारी धरायची, बटेला चिकटवायची नाही. चिकटवली की नकळत आपण वळसा खाली ढकलतो. टाळूच्या आणि मानेच्या बटेसाठी आईला बोलावलं. तिने मान पुढे न झुकवता सरळ बसायला लावलं, ब्लाऊजचा गळा मोजताना लावते तसंच. मान झुकली की मानेवरची बट दोन-तीन सेंटिमीटरने फसवते.

आकडे असे आले. टाळू: ताणून ४८, ओल्यात ४३, वाळल्यावर २८. कानावर: ३६, ३२, २३. मान: २७, २५, २०. कपाळ: ३८, ३५, ३०. टाळूवरचे केस ताणलेल्या लांबीच्या चाळीस टक्क्यांहून अधिक आटत होते, मानेचे पाव हिस्सा, आणि कपाळावरचे त्याहूनही कमी. कपाळाच्या बटेवर मी दोन-तीन वर्षं सरळ करायची इस्त्री फिरवली होती, त्या उष्णतेने तिथलं वळण सैल पडलं आहे. एकाच डोक्यावर दुप्पट फरक. "कुरळे केस इतके टक्के आटतात" असा एकच आकडा कुणी सांगितला तर तो माझ्या कुठल्या बटेला लावायचा?

मग मी खांद्याची उंची मोजली, कारण केस किती लांब यापेक्षा ते कुठे पोहोचतात ते कापताना कामाचं. माझ्या टाळूपासून खांद्याच्या पातळीपर्यंत २९, कानाच्या वरून १८, मानेच्या रेघेपासून १०. आता चित्र स्पष्ट झालं. टाळूचे केस वाळल्यावर २८, म्हणजे नेमके खांद्याशी. त्यांना हात लावायचा नाही. मानेचे २०, म्हणजे खांद्याच्या खाली दहा सेंटिमीटर. झालर ती हीच. कापायचे ते मानेचे, तेही वाळलेल्यात सहा सेंटिमीटर, आणि कानाजवळून अगदी थोडे. सात महिन्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, "सगळीकडून सारखे कापा."

नव्या ठिकाणी गेले तेव्हा पुन्हा एक घोळ केला, तो सांगितलाच पाहिजे. आदल्या रात्री केस धुतले, ओल्यातच अंबाडा बांधला आणि झोपले, सकाळी सोडून गेले. तिथल्या केशकार म्हणाल्या, "आज नाही कापत. हे तुमचे केस नाहीत." मी बघत राहिले. त्यांनी माझी एक बट हातात घेतली. मुळाशी सपाट, मध्ये अंबाड्याचा मोठा गोल बाक, टोकाला गाठीची मोड. केस ज्या आकारात वाळतात त्या आकारात ते हलके बंध पुन्हा जुळतात, म्हणून अंबाड्यात वाळलेला केस पुढच्या धुण्यापर्यंत अंबाड्याचाच आकार घेऊन असतो. माझ्या बटा त्या दिवशी खऱ्याहून तीनेक सेंटिमीटर लांब दिसत होत्या. "धुऊन मोकळे वाळवून या," त्या म्हणाल्या. "वाटेत क्लिपसुद्धा लावू नका." त्यांनी आजचे पैसे घेतले नाहीत, त्याचं मला आजही नवल वाटतं.

अर्धवट वाळलेले केसही असेच फसवतात. वरचा थर खणखणीत वाळलेला असतो आणि मानेलगतचा आतला थर ओलसर. मी आता बोटं आत घालून टाळूला टेकवते. गार लागलं की अजून पाणी आहे. पुण्यात डिसेंबरात चार-पाच तासांत काम होतं, पण चिपळूणला पावसाळ्यात सकाळी धुतलेले केस रात्रीसुद्धा आतून गार लागतात. अशा दिवसांत मी कापायला जात नाही.

तिसऱ्या दिवशी गेले. या वेळी केसांना पाणी लागलं नाही, कंगवाही नाही. त्यांनी मी मापं लिहून नेलेली चिठ्ठी वाचली, मग तरी स्वतः प्रत्येक बट खाली ओढून सोडली, ती किती उडी मारते ते पाहिलं. मानेवरची एक आतली बट, जी दिसणार नाही अशी, आधी कापली. "ही नमुन्याची," म्हणाल्या. वळसा जिथे वळतो तिथे, बाकाच्या पोटात, कात्रीचं टोक घालून एक-एक बट. मी सहा सांगितले होते, त्यांनी पाचच घेतले. "उरलेला एक सेंटिमीटर केस स्वतःच वर नेतील. नाही नेला तर या, दोन मिनिटांचं काम आहे."

कोरड्यात कापण्याची एक किंमत आहे, ती त्यांनी बजावून सांगितली. मानेच्या बटेतले वाळलेले पाच सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात जवळपास सात सेंटिमीटर केस. सहा-सात महिन्यांची वाढ. टाळूवर तेच पाच कापले असते तर साडेआठ गेले असते. म्हणून जिथे केस जास्त आटतात तिथे कात्री सगळ्यात जपून चालवायची, आणि बहुतेक वेळा आपला हात नेमका तिथेच आधी जातो, कारण फुगवटा तिथेच दिसतो. शिवाय कोरड्यात कापलेल्या केसांना ओल्यात सरळ विंचरलं तर टोकं वर-खाली दिसतात. घरी आल्यावर आंघोळीनंतर मी आरशात बघून धसकलेच होते. माझ्या केसांना ते चालतं, कारण मी ओले सरळ केस घेऊन कुठेच जात नाही. इस्त्री करून केस नेहमी सरळ ठेवणाऱ्या मैत्रिणीला मात्र मी हा काप सुचवणार नाही. तिने ज्या रूपात केस वागवायचे त्याच रूपात कापून घ्यावेत.

पुढच्या रविवारी पुन्हा धुतले, मोकळे वाळवले आणि सोमवारी सकाळी आईने टेप लावली. मान: १४. कात्रीने १५ वर सोडलेले केस एक सेंटिमीटर स्वतःच चढले होते. टाळू: २८, होते तिथेच. झालर गेली होती. आईने नेहमीची मापांची वही उघडली, माझ्या नावाच्या पानावर छाती, कंबर, बाहीच्या खाली "मान १४, टाळू २८ (वाळवून)" असं लिहिलं आणि पेन कानामागे खोचून पुन्हा मशीनवर बसली.